गरम पाण्याच्या कॉइलमधून हवा किती तापून निघेल? क्रॉस-फ्लो एक्स्चेंजरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संत्र्याची साल, मिरची किंवा हळद वाळवणाऱ्या ड्रायरमध्ये आडव्या नळ्या आणि त्यांवर पातळ पत्र्याचे फिन असलेली कॉइल बसवलेली असते. नळ्यांतून गरम पाणी जाते आणि फिनांमधून ब्लोअरची हवा. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर भागातल्या अशा ड्रायरवर काम करताना जे प्रश्न पुन्हापुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे इथे एकाच उदाहरणाच्या आधाराने दिली आहेत. आकडे सोबत कागदावर करत वाचलेत तर जास्त उपयोग होईल.

क्रॉस-फ्लो म्हणजे काय, आणि ‘दोन्ही प्रवाह अनमिक्स्ड’ कशाला म्हणतात?

हवा आणि पाणी एकमेकांना काटकोनात जात असतील तर तो क्रॉस-फ्लो. अनमिक्स्ड म्हणजे प्रवाहाला आडवे सरकून शेजारच्या भागात मिसळता येत नाही. पाणी आपापल्या नळीत बंद असते. हवा दोन फिनांमधल्या दीड-दोन मिलिमीटरच्या फटीत अडकलेली असते, त्यामुळे डावीकडची हवा कॉइलच्या आत असताना उजवीकडे जाऊ शकत नाही. फिनच नसतील, नुसत्या उघड्या नळ्या असतील, तर हवा मधल्या जागेत मिसळते आणि सूत्र बदलते. आपल्या ड्रायरमधल्या फिनवाल्या कॉइलला मात्र ‘दोन्ही अनमिक्स्ड’ हेच वर्णन लागू पडते.

याचा प्रत्यक्षात काय परिणाम दिसतो?

बाहेर पडणारी हवा सगळीकडे सारखी तापलेली नसते. पाणी ज्या हेडरमधून आत शिरते, त्या बाजूच्या हवेला पूर्ण गरम पाणी भेटते. दुसऱ्या टोकाच्या हवेला तोवर निवलेले पाणी भेटते. खाली घेतलेल्या उदाहरणात सरासरी हवा 55 अंशाला निघते, पण गरम हेडरच्या कडेला ती 61 ते 62 अंश असते आणि दूरच्या कडेला 49 ते 50. एकाच कॉइलच्या तोंडावर 12 अंशांचा फरक!

पाण्याचेही तसेच. थंड हवा ज्या नळ्यांवर आधी आदळते, त्यांतले पाणी 56 अंशांपर्यंत उतरते आणि मागच्या नळ्यांतले 72 च्या आसपासच राहते. परतीच्या हेडरमध्ये एकत्र आल्यावर त्याचे 65-66 होते. म्हणून कॉइलपाशी एकाच जागी थर्मामीटर टोचून ‘हवेचे तापमान’ सांगू नये. निदान पाच-सहा जागी मोजून सरासरी काढावी, किंवा डक्टमध्ये इतके पुढे मोजावे की हवा मिसळलेली असेल.

गणिताला कोणती माहिती लागते?

आत येणाऱ्या हवेचे आणि पाण्याचे तापमान, दोघांचे वस्तुमान-प्रवाह, आणि कॉइलचा UA. U म्हणजे उष्णता पलीकडे जाण्याचा एकूण गुणांक आणि A म्हणजे ज्या क्षेत्रफळावर तो गुणांक धरला ते क्षेत्रफळ. फिनसकट हवेच्या बाजूचे क्षेत्रफळ धरले असेल तर U सुद्धा त्याच क्षेत्रफळाचा हवा. एका कॅटलॉगमधला U आणि दुसरीकडचे A जोडले तर उत्तर कितीही सुबक दिसो, ते चुकीचेच असते.

आपले उदाहरण असे. जानेवारीतली सकाळ, बाहेरची हवा 15 अंश. ब्लोअर थंड बाजूची हवा तासाला 6000 घनमीटर ढकलतो. पाणी 85 अंशांनी आत येते, सेकंदाला 1 लिटर. कॉइलचे फिनसकट क्षेत्रफळ 48 चौरस मीटर आणि स्वच्छ अवस्थेत U 45 वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. म्हणजे UA झाला 2160 वॅट, अर्थात 2.16 किलोवॅट प्रति अंश.

नागपूरच्या हवेची घनता वेगळी धरायची का?

हो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब 97.7 किलोपास्कलच्या जवळ येतो आणि 15 अंशांना घनता 1.18 किलो प्रति घनमीटर निघते. पुस्तकातली 1.225 ही समुद्रसपाटीची. फरक साडेतीन टक्क्यांचा आहे, त्याने कुणाचा ड्रायर बंद पडणार नाही.

मोठी चूक दुसरीकडे होते. हवेचा वेग कुठे मोजला, हे लोक लिहून ठेवत नाहीत. कॉइलच्या आधी, 15 अंशांच्या हवेत मोजलेले 6000 घनमीटर म्हणजे सेकंदाला 1.97 किलो. तेच 6000 कॉइलनंतर 55 अंशांच्या हवेत मोजले असतील तर घनता 1.04 धरावी लागते आणि हवा भरते फक्त 1.73 किलो. 12 टक्के हवा कागदावरच गायब होते. एकदा मी दोन दिवस पंपाच्या मागे लागलो होतो आणि गडबड निघाली अॅनिमोमीटर धरण्याच्या जागेत. तेव्हापासून वेगाच्या आकड्याशेजारी त्या जागेचे तापमान लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आता गणित करून दाखवाल का?

प्रथम दोन्ही प्रवाहांची उष्णताधारण क्षमता काढू, म्हणजे वस्तुमान-प्रवाह गुणिले विशिष्ट उष्मा. हवेची 1.97 × 1.007 = 1.98 किलोवॅट प्रति अंश. पाणी गरम असल्यामुळे 1 लिटरचे वजन 0.97 किलो, म्हणून त्याची 0.97 × 4.2 = 4.07. लहान आकडा हवेचा, तो C_min. दोघांचे गुणोत्तर Cr = 1.98 ÷ 4.07 = 0.486.

मग NTU = UA ÷ C_min = 2.16 ÷ 1.98 = 1.09. कॉइल या हवेच्या मानाने किती मोठी आहे, हे हा आकडा सांगतो.

दोन्ही प्रवाह अनमिक्स्ड असतील तेव्हा इफेक्टिव्हनेस या सूत्राने निघतो:

```
ε = 1 − exp[ (NTU^0.22 / Cr) × ( exp(−Cr × NTU^0.78) − 1 ) ]
```

आतून बाहेर या. NTU^0.78 होतो 1.07. त्याला 0.486 ने गुणले की 0.52. exp(−0.52) म्हणजे 0.595, त्यातून 1 वजा केला की −0.405. NTU^0.22 आहे 1.02, त्याला 0.486 ने भागले की 2.10. गुणाकार −0.85. exp(−0.85) म्हणजे 0.427. म्हणून ε = 0.573.

इफेक्टिव्हनेसचा अर्थ सरळ आहे: जास्तीत जास्त जितकी उष्णता जाऊ शकली असती, त्यातली किती खरोखर गेली. कमाल उष्णता म्हणजे हवा थेट 85 अंशांपर्यंत तापली असती तर, 1.98 × (85 − 15) = 138.6 किलोवॅट. त्याच्या 0.573 पट, म्हणजे 79.4 किलोवॅट प्रत्यक्षात जाते.

हवा बाहेर: 15 + 79.4 ÷ 1.98 = 55.1 अंश.
पाणी बाहेर: 85 − 79.4 ÷ 4.07 = 65.5 अंश.

एक्सेलमध्ये B1 मध्ये NTU आणि B2 मध्ये Cr ठेवून हे टाका:

```
=1-EXP((B1^0.22/B2)*(EXP(-B2*B1^0.78)-1))
```

हे सूत्र नेमके आहे की अंदाजी?

अंदाजी, पण चांगले. मूळ उत्तर अनंत श्रेणीच्या रूपात येते. आपल्या आकड्यांसाठी मी ते करून पाहिले, 0.574 आले. तिसऱ्या दशांशातल्या एकाच्या फरकासाठी श्रेणी मांडत बसण्याची गरज नाही, कारण U चा आकडाच तितका पक्का नसतो.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे झटकन कसे ओळखायचे?

त्याच NTU आणि Cr साठी दोन्ही प्रवाह एका दिशेने गेले तर ε 0.540 येतो आणि समोरासमोर गेले तर 0.594. क्रॉस-फ्लोचे उत्तर या दोघांच्या मध्ये यायलाच हवे. तुमचे 0.64 किंवा 0.48 आले तर कंसात कुठेतरी चूक आहे. उत्तर शून्याच्याही खाली गेले तर आतल्या exp मधले वजा चिन्ह गळलेले असते.

नळ्यांना यू-बेंड असून पाणी मागच्या रांगेतून पुढच्या रांगेकडे फिरत येत असेल, तर ती कॉइल निव्वळ क्रॉस-फ्लो राहत नाही, थोडी समोरासमोरच्या बाजूला झुकते. आपल्या उदाहरणात तेव्हा उत्तर 0.573 आणि 0.594 च्या दरम्यान येईल. हवेत हा फरक जेमतेम दीड अंशाचा. NTU 1 च्या आसपास मांडणीने फारसे बिघडत नाही. NTU 4 आणि Cr 1 असेल तेव्हा मात्र क्रॉस-फ्लोला 0.72 आणि समोरासमोरला 0.80 मिळतो, तिथे दुर्लक्ष करून चालत नाही.

हवा आधीपेक्षा गरम येते, तरी माल वाळत नाही. असे का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संत्र्याची साल वाळवणाऱ्या एका युनिटमध्ये ऑपरेटर मला म्हणाला होता, “भाऊ, हवा त पहिलेपेक्षा गरम येऊन राह्यली, मंग साल काऊन वाळत नाही?” त्याचे निरीक्षण अगदी खरे होते. डायलवर 55 च्या जागी 62 दिसत होते, आणि ट्रे काढायला आधीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत होता.

फिनांवर सालीचा भुगा आणि रस्त्याची धूळ बसून हवा अडली होती. असे झाले की काय होते, ते आपल्याच आकड्यांवर पाहू. समजा 6000 घनमीटरची हवा 4000 वर आली. हवेची क्षमता 1.98 वरून 1.32 झाली आणि Cr 0.324. वेग कमी झाल्याने हवेच्या बाजूचा गुणांकही घसरतो, साधारण वेगाच्या 0.6 घाताच्या प्रमाणात, म्हणून U 45 वरून 37 च्या आसपास येतो. UA झाला 1.776, पण भागायचे आहे 1.32 ने, म्हणून NTU उलट वाढून 1.345 होतो. सूत्रात घातले की ε = 0.669.

हवा बाहेर येते 15 + 0.669 × 70 = 61.8 अंशांना. आधीपेक्षा जवळपास 7 अंश जास्त. आणि उष्णता? 0.669 × 1.32 × 70 = 61.8 किलोवॅट. आधी 79.4 होती. म्हणजे थर्मामीटर वर गेला, इफेक्टिव्हनेस वर गेला, आणि सालीपर्यंत पोहोचणारी उष्णता 22 टक्क्यांनी घटली. थोडी हवा कॉइलमध्ये जास्त वेळ राहते म्हणून जास्त तापते, पण ओलावा वाहून न्यायला हवाच कमी पडते.

म्हणून ‘इफेक्टिव्हनेस वाढला म्हणजे कॉइल सुधारली’ असे कधीही मानू नका. हा आकडा त्या त्या प्रवाहासाठी कॉइल किती पुरेशी आहे हे सांगतो, एकूण किती उष्णता मिळाली हे सांगत नाही.

मग बिघाड फिनांत आहे, नळ्यांत आहे की पंपात, हे कसे ओळखायचे?

आपल्या कॉइलचे चार प्रसंग शेजारी ठेवले आहेत. आत येणारी हवा 15 आणि पाणी 85 सगळीकडे तेच.

| स्थिती | ε | हवा बाहेर | पाणी बाहेर | उष्णता (किलोवॅट) |
|---|---|---|---|---|
| सर्व ठीक | 0.573 | 55.1 | 65.5 | 79.4 |
| फिन तुंबून हवा 4000 घनमीटर | 0.669 | 61.8 | 69.8 | 61.8 |
| नळ्यांत क्षार, U 30 | 0.454 | 46.8 | 69.5 | 62.9 |
| पाणी निम्मे, U 42 | 0.476 | 48.3 | 52.6 | 66.0 |

दुसरी आणि तिसरी ओळ नीट पाहा. परतीचे पाणी दोन्हींत 69-70 अंशांनाच येते. फक्त पाण्याच्या पाइपवर गेज असेल तर हे दोन बिघाड वेगळे ओळखताच येणार नाहीत. आणि उपाय तर पूर्ण वेगळे आहेत: एकात फिन बाहेरून धुवायचे, दुसऱ्यात नळ्यांतून आम्लाचे द्रावण फिरवायचे. हवेच्या बाजूला मात्र 62 आणि 47 इतका उघड फरक दिसतो. परतीचे पाणी नेहमीपेक्षा गरम आणि हवाही नेहमीपेक्षा गरम, तर हवा अडली आहे. परतीचे पाणी गरम पण हवा नेहमीपेक्षा गार, तर उष्णता नळीच्या भिंतीतून पलीकडे जात नाही. बोअरचे पाणी प्रक्रिया न करता फिरवणाऱ्यांकडे ही दुसरी गोष्ट जास्त दिसते.

चौथ्या ओळीत दोन्ही गार आहेत. पाणी कमी असल्याने ते आत 32 अंशांनी निवते आणि पुढच्या हवेला द्यायला फारसे उरत नाही. गाळणी तुंबली, पंपाचा इम्पेलर झिजला, किंवा हेडरच्या वरच्या टोकाला हवा अडकून काही नळ्या कोरड्या राहिल्या, की हे होते. हेडरमध्ये हवा अडकली असेल तर कॉइलच्या वरच्या भागाला हात लावला तरी तो खालच्यापेक्षा गार लागतो. पाणी निम्मे होऊनही उष्णता फक्त 17 टक्के घटली, हेही लक्षात घ्या. त्यामुळेच हा बिघाड बरेच दिवस कुणाच्या ध्यानात येत नाही.

C_min नेहमी हवेचाच असतो का?

बहुतेक वेळा, पण दर वेळी तपासा. याच कॉइलमध्ये पाणी सेकंदाला 0.4 लिटरवर आणले तर त्याची क्षमता 1.63 होते, हवेच्या 1.98 पेक्षा कमी. मग C_min पाण्याचा आणि NTU काढताना 1.63 ने भागायचे. ε त्यानंतर पाण्याच्या तापमान-उताराचे गुणोत्तर होते. हवेचे तापमान थेट ‘15 + ε × 70’ असे काढले तर चूक होईल, आधी उष्णता काढून ती 1.98 ने भागावी लागेल. व्हॉल्व्ह बराच बंद करून चालवणाऱ्यांच्या गणितात ही चूक हमखास सापडते.

मे महिन्यात 45 अंशांच्या हवेला हेच गणित चालेल का?

चालेल. ε तापमानांवर थेट अवलंबून नसतो, NTU आणि Cr वर असतो. पण ब्लोअर घनमीटर तेवढेच ढकलतो आणि उन्हाळ्यातली हवा हलकी असते, 1.07 किलो प्रति घनमीटर. त्यामुळे हवेची क्षमता 1.8 वर येते, ε 0.60 च्या आसपास जातो आणि हवा 45 + 0.60 × 40 म्हणजे साधारण 69 अंशांना निघते. जानेवारीत 55 देणारी कॉइल मे महिन्यात 69 देते, पाण्याचे तापमान न बदलता. मालाला इतके चालत नसेल तर पाणी 85 ऐवजी कमी तापमानावर ठेवावे लागेल.

मोजलेल्या आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा?

हवेने घेतलेली उष्णता आणि पाण्याने दिलेली उष्णता दोन्ही वेगवेगळ्या काढा. पाच टक्क्यांच्या आत जुळल्या तर पुढे जा. पाण्याकडून 80 आणि हवेकडून 65 येत असेल तर U वगैरे काढू नका. आधी हवेच्या तापमानाची सरासरी पुन्हा घ्या, मग वेग मोजण्याची जागा पाहा, मग पाण्याचे मीटर. माझ्या अनुभवात चूक याच क्रमाने सापडते. पाइपवर बाहेरून बांधलेला सेन्सर उघडा असेल तर तो पाण्यापेक्षा दोन-तीन अंश कमी दाखवू शकतो, त्यावर इन्सुलेशन गुंडाळलेले हवे.

रांगा दुप्पट केल्या तर उष्णता दुप्पट मिळेल?

नाही. 48 च्या जागी 96 चौरस मीटर केले आणि बाकी सगळे तेच राहिले, तर NTU 2.18 होतो आणि ε 0.764. हवा 68 अंशांना निघते, उष्णता 106 किलोवॅट. दुप्पट तांबे आणि ॲल्युमिनियम घालून मिळाले 33 टक्के. तेही हवा 6000 राहिली तर. जास्त रांगांनी हवेला अडथळा वाढतो आणि जुना ब्लोअर तेवढी हवा ढकलत नाही, मग आपण स्वतःच तक्त्याच्या दुसऱ्या ओळीकडे सरकतो. नव्या कॉइलचे कोटेशन मागवण्याआधी जुनी धुवून, ब्लोअरचा पट्टा ताणून, पुन्हा एकदा हवा मोजा. सालीच्या त्या युनिटमध्ये फिन धुतल्यावर हवा 5800 घनमीटरवर आली आणि नवी कॉइल घ्यावी लागली नाही.